उतारवयातल्या दीर्घकालीन देखभालीचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढच्या आईवडिलांची, किंवा स्वतःच्याच त्या वयाची तजवीज करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे निरनिराळ्या देशांत राहतात, म्हणून नियम सांगताना देशाचं नाव घेतलं आहे. एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर तेवढंच वाचलं तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दीर्घकालीन देखभाल म्हणजे नेमकं काय? दवाखान्याच्या खर्चात ती येत नाही का?

नाही, आणि बहुतेक घरांचा हिशोब इथेच चुकतो. माणसाला उठवणं, अंघोळ घालणं, कपडे चढवणं, संडासला नेणं, कूस बदलणं, घास भरवणं आणि पडू नये म्हणून जवळ असणं या सगळ्याला दीर्घकालीन देखभाल म्हणतात. यातल्या बऱ्याचशा कामाला डॉक्टर लागत नाही, नर्सही लागत नाही. लागतो तो एक धडधाकट माणूस आणि त्याचा वेळ.

दवाखान्याचा खर्च एकदम येतो आणि थांबतो. देखभालीचा खर्च रोजचा असतो, त्याला शेवटची तारीख नसते आणि तो सहसा वाढतच जातो. विमा कंपन्या आणि सरकारं या दोन खर्चांत कडक रेघ ओढतात. बरं करण्यासाठी किंवा कौशल्याचं वैद्यकीय काम म्हणून जे केलं जातं ते एका बाजूला आणि निव्वळ सांभाळ दुसऱ्या बाजूला. पुढचे बहुतेक प्रश्न या रेघेवरचेच आहेत.

२. आईचा चांगला आरोग्यविमा आहे. मग घरी ठेवलेल्या अटेंडंटचे पैसे का मिळत नाहीत?

कारण पॉलिसीतच ते वगळलेले असतात. भारतातल्या आरोग्य पॉलिसींमध्ये वगळलेल्या गोष्टींना ठरावीक संकेतांक असतात. तुमच्या पॉलिसीत `Excl05` शोधा. विश्रांतीसाठी भरती होणं, पुनर्वसन आणि सांभाळणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून घेतलेली सेवा या त्यातल्या गोष्टी. अंघोळ, कपडे, हिंडणं-फिरणं यांत मदत म्हणून घरी किंवा नर्सिंग होममध्ये घेतलेली देखभालही त्यातच मोडते. ती कुशल नर्सने केली तरी मिळत नाही. म्हणजे कंपनी आडमुठेपणा करते असं नाही, पहिल्या दिवसापासून ते तसं लिहिलेलंच आहे.

‘घरच्या घरी उपचार’ नावाचं एक कलम बऱ्याच पॉलिसींत असतं आणि त्यावरून लोक फसतात. एरवी दवाखान्यात भरती करावं लागलं असतं असा उपचार, पेशंटला हलवणं शक्य नाही किंवा खाट उपलब्ध नाही म्हणून घरी केला, तर त्यासाठी ते कलम आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं रोजचं करणं त्यात बसत नाही.

इतर देशांतल्या आरोग्यविम्याचीही साधारण हीच तऱ्हा आहे. जिथे देखभालीचे पैसे मिळतात तिथे ते वेगळ्या विम्यातून किंवा वेगळ्या सरकारी योजनेतून मिळतात (प्रश्न ४).

३. खर्चाचा अंदाज बांधायचा कसा? किती वर्षं धरायची?

आधी पैसे मोजू नका, तास मोजा. दर बदलतात, गावागणिक वेगळे असतात. तास मात्र माणसाच्या अवस्थेवर ठरतात आणि ते तुम्ही घरी बसून मोजू शकता.

एक उदाहरण करून पाहू. ८६ वर्षांची एक बाई एकटी राहते. तिला सकाळी उठणं, संडास, अंघोळ आणि कपडे यांसाठी दोन तास मदत लागते, दुपारी एक तास आणि संध्याकाळी दीड. म्हणजे रोजचे साडेचार, आठवड्याचे साडेएकतीस तास. शनिवार-रविवार मुलं येतात आणि त्यांतले ९ तास उचलतात. विकत घ्यायचे राहिले साडेबावीस. महिन्याचे ते जवळपास ९७ तास होतात.

आता तिची पेन्शनही तासांत लिहा. पेन्शनला मदतनिसाच्या तासाच्या दराने भागायचं. समजा उत्तर आलं महिन्याला २०० तास. त्यांतले १०० तास घर, जेवण, वीज, औषधं यांत जातात. उरलेल्या १०० मध्ये ९७ बसले. या घडीला ती सावरून आहे, आणि नेमक्या याच घडीला घरचे म्हणतात, ‘चाललंय की!’

दुसरी पायरी येते ती रात्रीची. ती रात्री दोन-तीनदा उठते, एकदा पडते, आणि आता रात्री कोणीतरी हवं असं ठरतं. रात्रीचे दहा तास धरले तर आठवड्याचे ७० तास एकदम वाढतात. मुलांचे ९ वजा करून आठवड्याचे साडेब्याण्णव, महिन्याचे ४०० तास. पेन्शनमधून १०० भागतात, ३०० कमी पडतात. रात्रीचा दर काही ठिकाणी कमी असतो, तरी चित्र फारसं बदलत नाही.

तिसऱ्या पायरीवर तिला क्षणभरही एकटं सोडता येत नाही. आठवड्याचे १६८ तास. आठवड्याला ४० तास काम करणारी माणसं धरली तर ही चारपेक्षा जास्त माणसांची नोकरी झाली. सुट्ट्या आणि आजारपणं धरली तर पाच. ‘चोवीस तासांची एक बाई ठेवू’ असं आपण सहज म्हणतो, पण ती बाई झोपणार कधी हा हिशोब त्यात नसतो. मुलांचे ९ तास वगळून महिन्याचे जवळपास ६९० तास होतात, कमी पडतात ५९०.

पहिली पायरी एक वर्ष, दुसरी दीड वर्ष, तिसरी एक वर्ष टिकली असं धरू. तूट किती? दुसरीत ३०० गुणिले १८, म्हणजे ५,४०० तास. तिसरीत ५९० गुणिले १२, म्हणजे ७,०८०. एकूण १२,४८०. ही तिची पाच वर्षांहून थोडी जास्तच पेन्शन झाली. बाजूला ठेवायला हवी ती ही रक्कम. शेवटच्या पायरीवर वृद्धांच्या निवासात जाणं बहुधा स्वस्त पडतं, कारण तिथे एक माणूस एका वेळी अनेकांकडे बघतो. घरी चांगलं की तिथे, हा वेगळा वाद आहे. तासांचा हिशोब मात्र निवासाच्या बाजूने झुकतो.

किती वर्षं धरायची याला अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याचे आकडे दिशा दाखवतात. बायकांना सरासरी ३.७ वर्षं आणि पुरुषांना २.२ वर्षं देखभाल लागते, आणि साधारण २० टक्के लोकांना पाच वर्षांहून जास्त. घरच्यांनी फुकट केलेली देखभालही त्यात आली. मी साडेतीन वर्षांचा हिशोब मांडायला सांगते. घरात स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली असेल तर सहा वर्षांचा.

४. सरकार हा खर्च देतं का?

ते देशावर आहे. ढोबळमानाने तीन तऱ्हा दिसतात.

पहिली, सक्तीच्या विम्याची. जर्मनीत देखभालीचा वेगळा विमा १९९५ पासून आहे. पगारातून हप्ता जातो आणि नोकरदाराचा वाटा जवळपास निम्मा मालक भरतो. जपानमध्ये २००० सालापासून चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण हप्ता भरतो. सेवा घेताना बिलाचे १० टक्के स्वतः द्यायचे, उत्पन्न जास्त असेल तर २० किंवा ३० टक्के. या देशांत श्रीमंत असलात तरी हक्क मिळतो. मात्र जर्मन विमा पहिल्यापासूनच अर्धवट भार उचलण्यासाठी आखलेला आहे. आपल्या उदाहरणातल्या बाईला अशा एखाद्या योजनेतून महिन्याला ६० तास मिळाले असं धरा. शेवटच्या तीस महिन्यांत १,८०० तास होतील. तूट १२,४८० ची आहे.

दुसरी तऱ्हा, स्वतःचं संपल्यावर मिळणाऱ्या मदतीची. इंग्लंडमध्ये बचत आणि मालमत्ता २३,२५० पौंडांच्या वर असेल तर स्थानिक प्रशासन सहसा काहीच देत नाही. अमेरिकेत मेडिकेड हीच योजना देखभालीचा सगळ्यांत मोठा सरकारी आधार आहे आणि तीही उत्पन्न व मालमत्ता बघूनच मिळते. मेडिकेअर हा तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा. त्याची गोष्ट वेगळी, ती प्रश्न ६ मध्ये आहे.

तिसरी तऱ्हा, दवाखान्यापुरत्या मदतीची. भारत सध्या या गटात आहे.

५. मग भारतात ज्येष्ठांना सरकारकडून मिळतं तरी काय?

७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. ते भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि सुट्टी मिळाल्यानंतरचे १५ दिवस यांचा औषध-तपासण्यांचा खर्च त्यात येतो. सोळाव्या दिवसापासून घरी जे सुरू होतं ते तुमचं.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांसाठी एक गोष्ट खरंच देखभालीच्या कामी येते. ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हे लागू आहे. ही वाढ बँकेने आपोआप द्यायची असते, पण जन्मतारखेची नोंद नसेल तर ती अडकते. विशेषतः वडील गेल्यावर आईला पेन्शन सुरू होते तेव्हा आईची जन्मतारीख कागदावर आहे का हे पाहा.

६. वडील अमेरिकेत आहेत. मेडिकेअर नर्सिंग होमचे १०० दिवस देतं असं सगळे सांगतात. खरं का?

अर्धं खरं. ‘१०० दिवसांपर्यंत’ हे बरोबर, पण त्याला अटी आहेत. दवाखान्यात लागोपाठ किमान तीन दिवस ‘भरती पेशंट’ म्हणून काढलेले असावेत, आणि त्यानंतर रोज नर्स किंवा फिजिओथेरपिस्टचं कुशल काम लागत असावं. पहिले २० दिवस पूर्ण मिळतात. एकविसाव्यापासून शंभराव्यापर्यंत रोज एक ठरावीक रक्कम स्वतः भरावी लागते. पुढे काही नाही.

अडचण कुठे येते ते पाहा. वडील सोमवारी रात्री पडले. इमर्जन्सीत नेलं, वरच्या मजल्यावर खाट मिळाली, हाताला पट्टा बांधला, सलाइन लागलं. बुधवारी दुपारपर्यंत मात्र कागदोपत्री ते ‘निरीक्षणाखाली’ होते. भरती बुधवारी दुपारी झाली आणि शुक्रवारी त्यांना सोडलं. घरच्यांच्या लेखी चार रात्री झाल्या. मेडिकेअरच्या लेखी दोन दिवस, कारण भरतीचा दिवस धरतात, सोडल्याचा धरत नाहीत आणि निरीक्षणाचा वेळ मोजतच नाहीत. पुढच्या नर्सिंग होमचं अख्खं बिल घरच्यांवर आलं.

म्हणून पहिल्याच दिवशी विचारायचं, ‘हे भरती आहेत की निरीक्षणाखाली?’ २४ तासांहून जास्त निरीक्षण चाललं तर दवाखान्याला तशी लेखी सूचना द्यावी लागते. ते कागद सह्यांच्या गठ्ठ्यात येतात आणि कोणी वाचत नाही. डॉक्टरांना दर्जा बदलायची विनंती सुट्टी मिळण्याआधीच करा. मेडिकेअर अॅडव्हान्टेजची खासगी योजना असेल तर तीन दिवसांची अट बरेचदा माफ असते, पण तिथे आधी मंजुरी घ्यावी लागते.

आणखी एक. ‘आता सुधारणा होत नाहीये’ एवढ्याच कारणावरून सेवा बंद करता येत नाही. २०१३ च्या एका न्यायालयीन तडजोडीनंतर हे स्पष्ट झालं आहे. कुशल काम लागतंय का, हा निकष आहे. अवस्था टिकवून धरण्यासाठी ते लागत असलं तरी चालतं.

७. कोण पात्र आहे हे ठरवतात कसं? डॉक्टरचं सर्टिफिकेट पुरतं का?

सहसा पुरत नाही. रोगाच्या नावावर पैसे मिळत नाहीत, काय करता येत नाही यावर मिळतात. खासगी पॉलिसी आणि अनेक योजना सहा कामं बघतात: अंघोळ, कपडे, संडासला जाणं, पलंग-खुर्ची करणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवणं. ही यादी १९६३ पासून वैद्यकात वापरात आहे. अमेरिकेतल्या पॉलिसी साधारणपणे सहापैकी दोन कामं किमान ९० दिवस जमणार नाहीत असा दाखला मागतात. सिंगापूरच्या सरकारी योजनेला सहापैकी तीन लागतात.

दोन आणि तीन यांतला फरक कागदावर एकाचा, घरात तो वर्षा-दोन वर्षांचा असू शकतो. माणूस आधी अंघोळीला परावलंबी होतो आणि जेवण सगळ्यांत शेवटी सुटतं. म्हणून ‘अजून हाताने जेवतात’ यावरून ते ठीक आहेत असं समजू नका. आणि पॉलिसी घेताना ‘मदत’ या शब्दाची व्याख्या वाचा. हात धरावा लागला तरच मदत, की पडतील म्हणून शेजारी उभं राहणंही मदत? बाथरूमच्या दारात रोज उभं राहणाऱ्या सुनेसाठी सगळा प्रश्न त्या एका ओळीचा आहे.

जर्मनीत गुण देतात. तपासणारा घरी येतो, सहा विभागांत प्रश्न विचारतो, आणि शंभरपैकी साडेबारा गुणांपासून पहिली श्रेणी सुरू होते, नव्वदपासून पाचवी. जपानमध्ये ७४ मुद्द्यांची पाहणी होते आणि सात पातळ्यांपैकी एक मिळते.

८. तपासायला कोणी आलं की आई म्हणते, ‘मला सगळं येतं.’ काय करावं?

हे घरोघरी होतं. परक्या माणसासमोर आपण परावलंबी आहोत हे कबूल करणं कुणालाच सोपं नसतं. आदल्या दिवशी घर आवरलं जातं, आईला न्हाऊ घालून नीट कपडे घालतात, आणि अर्ध्या तासासाठी तिच्यात खरोखरच बळ येतं. तपासणारा विचारतो, ‘कपडे तुम्हीच घातले का?’ ती हो म्हणते.

यावर उपाय वहीचा. भेटीआधी दोन आठवडे, घडेल ते घडेल तसं लिहा. ‘मदत लागते’ असं लिहून उपयोग नाही. असं लिहा: ‘पहाटे २.४०, पलंगाच्या कडेला बसलेली सापडली, दार कुठे विचारत होती, संडासला नेलं, चादर बदलली, ३.१५ ला झोपली.’ किंवा ‘ब्लाउजचे वरचे दोन हुक जमले, मग हात खाली घेतला, बाकीचे मी लावले.’ कोणत्या कामाला किती वेळ, किती वेळा आणि कितपत, हे त्यातून दिसतं.

भेटीच्या दिवशी रोज करणारी व्यक्ती हजर पाहिजे. आईसमोर तिचं म्हणणं खोडून काढू नका. तपासणाऱ्याशी दुसऱ्या खोलीत पाच मिनिटं बोलायची परवानगी मागा आणि वहीची प्रत द्या. घर मुद्दाम आवरू नका, पलंगाजवळची कमोड-खुर्ची असेल तिथेच राहू दे.

९. वडिलांचे हातपाय धड आहेत, पण स्मृतिभ्रंश आहे. ते पात्र ठरतील का?

चांगल्या पॉलिसीत यासाठी वेगळी वाट असते. गंभीर स्मृतिभ्रंशामुळे सतत लक्ष ठेवावं लागत असेल तर सहा कामांची अट न लावता क्लेम मंजूर होतो. अमेरिकेतल्या करसवलतीच्या नियमात बसणाऱ्या पॉलिसींत ही तरतूद असतेच. सगळ्या देशांत ती नसते. जिथे फक्त सहा कामं मोजतात तिथे गॅस चालू ठेवून बाहेर पडणारे, पण स्वतः शर्ट घालणारे वडील ‘स्वावलंबी’ ठरतात.

जर्मनीत २०१७ पर्यंत साधारण अशीच कुचंबणा होती, कारण शारीरिक मदतीची मिनिटं मोजली जात. आता आकलन आणि वागणूक यांनाही गुण आहेत. तरी स्वतःची कामं या विभागाचं वजन ४० टक्के आहे, म्हणून वहीत हे नीट यावं: ‘अंघोळ करतात, पण पाच वेळा सांगावं लागतं आणि साबण हातात द्यावा लागतो.’ सांगून करवून घेणं हीसुद्धा मदतच आहे.

१०. नोकरीतला ग्रुप विमा निवृत्तीनंतर चालू राहतो का?

ग्रुप आरोग्यविमा बहुतेकदा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, आईवडिलांचाही. शिवाय तो चालू असतानाही देखभालीचे पैसे देत नाही (प्रश्न २). भारतात ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षा काळ जमेला धरला जातो. मात्र हे नोकरी सुटण्याआधी हलवायचं काम आहे. निवृत्तीचा समारंभ झाल्यावर आठवण येऊन उपयोग नाही.

काही मालक, मुख्यतः अमेरिकेत, देखभालीचा वेगळा ग्रुप विमा देतात. तो नोकरी सोडल्यावर स्वतः हप्ता भरून चालू ठेवता येतो. पण ‘हप्ता वय वाढलं तरी वाढत नाही’ याचा अर्थ तो कधीच वाढत नाही असा नाही, सगळ्या गटाचा एकदम वाढू शकतो. अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या अशा योजनेत २०१६ मध्ये हप्ते सरासरी ८३ टक्क्यांनी वाढले, आणि डिसेंबर २०२२ पासून नवे अर्ज घेणंच थांबवलं आहे. ज्यांनी पन्नाशीत हिशोब करून पॉलिसी घेतली होती त्यांना सत्तरीत जवळपास दुप्पट हप्ता किंवा कमी संरक्षण यांतलं एक निवडावं लागलं. म्हणून हप्ता ठरवताना तो दीडपट झाला तरी झेपेल का, हे बघून ठरवा.

११. आईचं करण्यासाठी मला नोकरीतून रजा आणि पगार मिळेल का?

जपानमध्ये एका नातेवाइकामागे एकूण ९३ दिवसांची रजा आहे, ती तीन वेळा तोडून घेता येते आणि पगाराच्या ६७ टक्के रोजगार विम्यातून मिळतात. जर्मनीत अचानक वेळ आली तर १० कामाचे दिवस पगाराच्या बदल्यात भत्त्यासह, आणि पंधराहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांत सहा महिन्यांपर्यंत बिनपगारी रजा.

ही रजा स्वतः सगळं करण्यासाठी पुरणार नाही. साडेतीन वर्षांपुढे ९३ दिवस म्हणजे काहीच नाही. ती व्यवस्था लावण्यासाठी वापरा: तपासणीची भेट, माणसं शोधणं, बाथरूममध्ये पकडायच्या दांड्या, कागदपत्रं. आणि सगळी एकदम खर्च करू नका, दुसरी पायरी यायची असते (प्रश्न ३).

१२. मुलगी नोकरी सोडून सांभाळते आहे. तिला पैसे मिळतात का?

जर्मनीत घरच्यांनी केलं तर महिन्याला रोख भत्ता मिळतो. २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीला तो ३४७ युरो आहे. संस्थेची सेवा घेतली तर त्याच श्रेणीला ७९६ युरोंपर्यंत सेवा मिळते. दोन्हींतला फरक बघा: रोख घेतली तर निम्म्याहून कमी. दोन्हींचं मिश्रणही करता येतं. घरी नियमित सांभाळणाऱ्यासाठी, ठरावीक तासांच्या अटीवर, पेन्शनचा हप्ताही तिथला देखभालीचा विमा भरतो, आणि मुलीच्या बाबतीत रोख भत्त्यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं असू शकतं.

जपानने मुद्दाम रोख दिली नाही. रोख दिली तर सुना-मुलींच्या गळ्यात काम कायमचं पडेल, असा तेव्हाचा एक मोठा आक्षेप होता. मला तो पटतो.

पैसे घरातच द्यायचे ठरलं, म्हणजे आईच्या पेन्शनमधून मुलीला, तर साधा लेखी करार करा: काम, तास, दर, तारीख. नाहीतर पुढे भावंडं त्याला वाटणीतली उचल म्हणतील आणि सरकारी खातं त्याला दान म्हणेल (प्रश्न १३).

१३. घर आत्ताच मुलांच्या नावावर केलं तर सरकारी मदत मिळेल ना?

ही युक्ती सगळ्यांना सुचते, म्हणूनच तिच्यावर नियम आहेत. अमेरिकेतलं मेडिकेड अर्जाआधीच्या ६० महिन्यांतले व्यवहार तपासतं. त्या काळात फुकट किंवा कमी भावात काही दिलं असेल तर तेवढ्या मूल्यानुसार काही महिने मदत बंद. हा दंडाचा काळ दान दिलं त्या दिवसापासून सुरू होत नाही. माणूस नर्सिंग होममध्ये आहे, पैसे संपले आहेत आणि बाकी सगळ्या अटींत बसतो, तेव्हापासून तो सुरू होतो. म्हणजे हातात काही नसतानाच दंड भोगायचा.

इंग्लंडमध्ये पाच वर्षांची अशी रेघही नाही. देखभालीचा खर्च चुकवण्याच्या हेतूने दिलं असं प्रशासनाला वाटलं, तर कितीही जुना व्यवहार असो, ती मालमत्ता तुमच्याकडेच आहे असं धरतात.

शिवाय घर दिलं की घर गेलं. मुलाचा घटस्फोट किंवा मुलाचं कर्ज यात ते सापडू शकतं, आणि आई स्वतःच्या घरात पाहुणी होते.

१४. दोघांपैकी एकच निवासात गेलं. दुसऱ्याला घर विकावं लागेल का?

सहसा नाही. इंग्लंडमध्ये नवरा किंवा बायको त्या घरात राहत असेपर्यंत घर हिशोबात धरत नाहीत. अमेरिकेतल्या मेडिकेडमध्येही घरी राहिलेल्या जोडीदारासाठी घर, काही बचत आणि काही उत्पन्न राखून ठेवतात. पण मेडिकेड ५५ वर्षांवरच्यांसाठी केलेला खर्च मृत्यूनंतर मालमत्तेतून वसूल करतं. जोडीदार हयात असेपर्यंत वसुली थांबते, रद्द होत नाही. मृत्युपत्र करताना हे मुलांना सांगून ठेवा.

१५. आई जर्मनीतून किंवा अमेरिकेतून मायदेशी परत गेली, तर तिथला लाभ इथे मिळेल का?

जर्मनीचा रोख भत्ता युरोपीय संघातल्या देशांत आणि स्वित्झर्लंडसारख्या काही देशांत चालू राहतो. त्याबाहेर काही आठवड्यांच्या मुक्कामापुरता मिळतो, मग थांबतो. जन्मभर हप्ते भरले असले तरी. मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळजवळ काहीच देत नाही. पेन्शन आणि सोशल सिक्युरिटीचे नियम वेगळे आहेत, ते बऱ्याचदा देशाबाहेरही मिळत राहतात. म्हणून परत जायचं ठरवताना दोन याद्या करा: बरोबर येणारे पैसे आणि मागे राहणारे. मग प्रश्न ३ मधला तासांचा हिशोब जिथे जाणार तिथल्या दराने पुन्हा मांडा. मदतनीस स्वस्त असलेल्या देशात पेन्शनमधून कधी कधी लाभापेक्षाही जास्त तास मिळतात. परत यायची वेळ आलीच, तर आरोग्यविमा पुन्हा सुरू होण्याच्या तारखा तिकीट काढण्याआधी विचारून घ्या. मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चासाठीचा भाग बी सोडला आणि नंतर परत घ्यायचा म्हटलं, तर बऱ्याच जणांना वाट पाहावी लागते आणि जन्मभर वाढीव हप्ता भरावा लागतो.